प्रशिक्षकाकडून दरपत्रक मागविताना

नोकरवर्गासाठी कार्यशाळा भरवावयाची ठरली म्हणजे पुष्कळ संस्थांचे चिटणीस प्रशिक्षकास दोन ओळींचे पत्र धाडतात : "आमच्याकडे २४ कर्मचारी आहेत, एक दिवसाच्या कार्यशाळेचे शुल्क कळवावे." उत्तर येते, आकडाही येतो, पंचाईत होते ती मागाहून.

धाराशिव जिल्ह्यातील येरमाळा हे सोलापूर–धुळे महामार्गावरचे येडेश्वरी देवीचे गाव. तेथे एक पतसंस्था आहे असे आपण घटकाभर समजू. रोखपाल, कारकून आणि घरोघर फिरून ठेवी गोळा करणारे पिग्मी एजंट मिळून माणसे २४. त्यांना दोन गोष्टी शिकवावयाच्या आहेत : खोटी नोट ओळखणे आणि दूरध्वनीवरून होणारी फसवणूक ओळखणे.

आता पहिला प्रश्न संख्येचा. २४ हा आकडा खरा असला तरी प्रशिक्षकाच्या उपयोगाचा नव्हे. सर्वांना एकदम बसविले तर खिडकी बंद ठेवावी लागेल. म्हणून १२ जण सकाळी आणि १२ जण दुपारी, अशा दोन तुकड्या करणे भाग आहे. म्हणजे कर्मचाऱ्याचे दोन तास, पण प्रशिक्षकाचा सबंध दिवस, आणि तोच पाठ दोनदा. हे पत्रात लिहिले नाही, तर एकजण दोन्ही तुकड्यांचा दर सांगतो, दुसरा एकीचाच, आणि आपण दोन्ही आकडे शेजारी मांडून स्वस्त कोण ते ठरवितो!

उदाहरणादाखल समजा, पहिल्याने १८,००० रुपये मागितले, दुसऱ्याने १२,०००. दुसरा स्वस्त वाटला. पुढे चौकशीअंती कळले की, दुसऱ्या तुकडीचे ६,००० निराळे, पुण्याहून येण्याजाण्याचे व मुक्कामाचे ५,५०० निराळे. झाले २३,५००. शिवाय तो वस्तू व सेवा करासाठी नोंदलेला असल्याने १८ टक्क्यांप्रमाणे ४,२३० रुपये कर, एकूण २७,७३०. पहिल्याच्या आकड्यात प्रवासासकट सर्व काही होते, आणि त्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असून त्याने नोंदणी केलेली नसल्याने कर आकारण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्याने लबाडी केली असे मी म्हणणार नाही. त्याला जे विचारले तेवढ्याचेच उत्तर त्याने दिले.

शिकविण्याची पद्धतही विषयावरून ठरते, आपल्या सोयीवरून नव्हे. पाचशेची नोट कलती केली म्हणजे तिच्यातील सुरक्षा-धाग्याचा हिरवा रंग निळा होतो. हे पडद्यावर पाहून हाताला येत नाही. प्रत्येकाने स्वतः नोट हाती घेऊन कलवून पाहिली पाहिजे, आणि चुकले तर प्रशिक्षकाने जवळ येऊन दाखविले पाहिजे. येथे प्रत्यक्ष वर्गच हवा, आणि तुकडी लहानच हवी. उलट फसवे दूरध्वनी कसे येतात, हे दूरदृश्य पद्धतीने चोवीसांना एकाच वेळी, खिडकी बंद झाल्यावर, सांगता येईल. तेथे तुकड्यांची गरज उरत नाही, म्हणून खर्चही उतरतो. या विषयाचे दोन्ही पद्धतींचे दर वेगवेगळे मागवावेत.

तेव्हा पत्र साधारण असे व्हावे :

"स. न. वि. वि. आमच्या येरमाळा येथील पतसंस्थेच्या २४ कर्मचाऱ्यांसाठी पुढीलप्रमाणे कार्यशाळा योजिली आहे. विषय पहिला, खोट्या नोटांची ओळख : प्रत्यक्ष वर्ग, १२ जणांच्या दोन तुकड्या, एकाच दिवशी सकाळी १० ते १२ व दुपारी २ ते ४. विषय दुसरा, दूरध्वनीवरील फसवणूक : २४ जण एकत्र, एक तास, त्याच दिवशी सायंकाळी प्रत्यक्ष, अथवा दुसऱ्या दिवशी दूरदृश्य पद्धतीने, असे दोन स्वतंत्र दर द्यावेत. भाषा मराठी. कर्मचारी रोखीचे काम रोज करतात. नोटांची प्राथमिक माहिती त्यांना आहे. जागा, पडदा व नोटा आम्ही पुरवू. शिकविण्याचे शुल्क, प्रवास व मुक्काम, छापील टिपणे आणि कर हे चार आकडे निरनिराळे लिहावेत. वर्ग स्वतः आपण घेणार की आपले सहकारी, तेही कळवावे. दर किती दिवस कायम राहील, हे लिहावे."

"प्राथमिक माहिती त्यांना आहे" हे वाक्य क्षुल्लक वाटेल. ते नसले म्हणजे प्रशिक्षक पहिला अर्धा तास रिझर्व्ह बँक म्हणजे काय, हे रोखपालांना समजावून सांगतो, आणि त्या अर्ध्या तासाचेही पैसे आपणच भरतो.

तारखेविषयी मात्र एक सावधगिरी ठेवावी. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास येडेश्वरीची यात्रा भरते. त्या दिवसांत गावात मुक्कामाची जागा मिळणे कठीण, आणि कर्मचाऱ्यांनाही उसंत नसते. म्हणून पत्रात एक सोडून दोन तारखा सुचवाव्यात, आणि आठ दिवस आधी कळवून तारीख बदलल्यास काही आकार पडेल काय, हेही त्याच पत्रात विचारून ठेवावे.