साडेसहा वाजता दिवे गेले

अगाथा ख्रिस्तीची ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ ही कादंबरी १९५० सालची. गावच्या वर्तमानपत्रात जाहिरात येते: शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला अमुक घरी खून होणार आहे. शेजारीपाजारी कुतूहलाने जमतात. घड्याळात ठोके पडतात, दिवे जातात, गोळ्या सुटतात.

महायुद्धानंतरचं हे इंग्लंड. शेजारी कोण, कुठून आला, हे रेशनकार्डावर जेवढं लिहिलंय तेवढंच ठाऊक. ही भीती खरी होती. ख्रिस्ती ती एका दिवाणखान्यात आणून बसवते. गुन्हेगार आता सगळ्या जगात शोधायचा नाही, याच दहा-बारा माणसांत आहे.

शोध घेणाऱ्या मिस मार्पल म्हाताऱ्या. हाती लोकरीचं विणकाम, अधिकार कसलाच नाही. त्यांचं भांडवल म्हणजे गावातल्या माणसांची पारख. टेबलावरचा दिवा बदललाय, हे त्यांना दिसतं. आपल्यालाही ते आधीच सांगितलेलं असतं. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली हाच नियम घातला होता: धागेदोरे वाचकापासून लपवायचे नाहीत.

मला वाटतं, दिलासा आहे तो या प्रामाणिकपणात. वाचताना त्या दिव्यावर नजर ठेवा.