पावसाने महागाई वाढते का?

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ डेव्हिड हेंड्री यांनी 1980 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानात एक विलक्षण समीकरण मांडले होते. ब्रिटनमधल्या किमती कशाने वाढतात, याचे उत्तर शोधताना त्यांनी पैशाच्या पुरवठ्याऐवजी दुसरीच एक श्रेणी घेतली आणि ती किमतींच्या आलेखावर अगदी चपखल बसली. ती श्रेणी होती ब्रिटनमध्ये पडलेल्या पावसाची, सतत बेरीज करत नेलेली. पावसाने महागाई वाढत नाही, हे हेंड्री यांना अर्थातच ठाऊक होते. नेहमीच्या सगळ्या आकडेवारीच्या कसोट्यांना उतरूनही एखादा निष्कर्ष निरर्थक असू शकतो, हे त्यांना दाखवायचे होते.

हा धोका जुनाच आहे. उडनी यूल यांनी 1926 साली इंग्लंड आणि वेल्समधल्या 1866 ते 1911 या काळातल्या दोन श्रेणी शेजारी ठेवल्या. एकीत एकूण विवाहांपैकी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये झालेल्या विवाहांचे प्रमाण होते, दुसरीत मृत्युदर. दोन्हींतला सहसंबंध 0.95 निघाला. चर्चमधली लग्ने कमी झाल्यामुळे माणसे जास्त जगू लागली, असे कोणी म्हणणार नाही. दोन्ही श्रेणी त्या काळात उतरत होत्या, एवढेच खरे.

मात्र गोष्ट फक्त चढत्या किंवा उतरत्या कलाची नाही. क्लाइव्ह ग्रेंजर आणि पॉल न्यूबोल्ड यांनी 1974 साली संगणकावर श्रेणींच्या जोड्या तयार केल्या. प्रत्येक श्रेणीत 50 निरीक्षणे होती, आजचा आकडा म्हणजे कालचा आकडा आणि त्यात एक नवा यादृच्छिक धक्का अशी रचना होती, आणि जोडीतल्या दोन श्रेणींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. एकीचे दुसरीवर रिग्रेशन केल्यावर शंभरातल्या पाचेक जोड्यांत योगायोगाने ‘महत्त्वाचा संबंध’ दिसावा, अशी नेहमीच्या कसोटीची अपेक्षा. प्रत्यक्षात तो सुमारे तीन चतुर्थांश वेळा दिसला. निरीक्षणे वाढवली तर ही चूक कमी न होता वाढते, हे पीटर फिलिप्स यांनी 1986 साली गणिताने सिद्ध केले.

अशा श्रेणीत कालच्या आकड्याचा गुणांक बरोबर 1 असतो, म्हणून तिला युनिट रूट असलेली श्रेणी म्हणतात. तिला परतायला ठरावीक पातळी नसते. एकदा बसलेला धक्का तिच्यात कायमचा राहतो. पावसाची साठत जाणारी बेरीज अशीच असते, कारण एखाद्या महिन्याचा जादा पाऊस त्या बेरजेतून कधीच वजा होत नाही. शेअरचे भाव, विनिमय दर, राष्ट्रीय उत्पन्न यांच्याबाबतही हा संशय कायम घ्यावा लागतो.

म्हणून एका कालश्रेणीचे दुसरीवर रिग्रेशन करणाऱ्या शोधनिबंधात पहिला तक्ता या तपासणीचा हवा. तो कसा वाचायचा, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, एका अभ्यासकाला लासलगाव बाजार समितीतला कांद्याचा भाव आणि वाशीच्या बाजारातला भाव यांचे नाते मोजायचे आहे. त्याच्याकडे दहा वर्षांचे, म्हणजे 120 महिन्यांचे क्विंटलमागचे भाव आहेत, आणि त्याने त्यांचे लॉग घेतले आहेत. पुढचे कसोटीचे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत.

डिकी-फुलर कसोटीत ‘युनिट रूट आहे’ हे गृहीत धरून सुरुवात होते, आणि निघालेला आकडा पुरेसा ऋण असेल तरच ते गृहीतक सोडले जाते. 120 निरीक्षणे असताना आणि समीकरणात स्थिरांक असताना पाच टक्क्यांची मर्यादा सुमारे −2.89 आहे. लासलगावचा आकडा −1.9 आणि वाशीचा −2.1 निघाला, तर युनिट रूट नाकारता येत नाही. मग भावातल्या दर महिन्याच्या बदलावर तीच कसोटी लावायची. तिथे −8 च्या आसपास आकडे आले, तर दोन्ही श्रेणी एकदा वजाबाकी केल्यावर स्थिर होतात, असे म्हणता येते.

निबंधात नुसते ‘कसोटी केली, श्रेणी अस्थिर आढळल्या’ एवढे लिहून भागत नाही. समीकरणात स्थिरांक होता की कालाचा कलही होता, हे सांगायला हवे, कारण कल घेतला की मर्यादा −3.45 च्या जवळ जाते. मागचे किती महिने घेतले आणि ते कोणत्या निकषाने ठरवले, तेही हवे. कांद्याच्या भावात हंगामाचा मोठा हात असतो, त्यामुळे महिन्यांचा परिणाम आधी काढून टाकला का, हा प्रश्न परीक्षक विचारणारच. सोबत ‘श्रेणी स्थिर आहे’ या उलट गृहीतकापासून सुरू होणारी केपीएसएस कसोटी दिली, तर वाचकाला दोन्ही बाजूंनी पडताळता येते.

खरी गफलत पुढच्या पायरीवर होते. दोन्ही श्रेणी भटकणाऱ्या असल्या, तरी त्यांच्यातले अंतर भटकत नसेल, तर त्यांच्यात दीर्घकालीन नाते आहे. त्यालाच कोइंटिग्रेशन म्हणतात. रॉबर्ट एंगल आणि ग्रेंजर यांनी 1987 साली दिलेली रीत सरळ आहे: वाशीच्या भावाचे लासलगावच्या भावावर रिग्रेशन करा आणि उरलेल्या फरकात युनिट रूट आहे का ते तपासा. समजा, आकडा −3.1 आला. अभ्यासक जुन्याच तक्त्यात पाहतो, −2.89 ओलांडलेले दिसते, आणि ‘नाते सिद्ध झाले’ असे लिहून मोकळा होतो.

पण हा फरक कुठून तरी मिळालेली श्रेणी नाही. तो कमीत कमी व्हावा असेच गुणांक रिग्रेशनने निवडलेले असतात, म्हणून तो आहे त्यापेक्षा अधिक स्थिर भासतो. त्यासाठी मर्यादा वेगळी, सुमारे −3.39 आहे, आणि −3.1 तिथे अपुरा पडतो. पायथनच्या `statsmodels` मध्ये या फरकावर `adfuller` चालवले, तर ते जुन्याच तक्त्याने p-मूल्य देते. `coint` योग्य तक्ता वापरते. त्यामुळे निबंधात आकड्याशेजारी मर्यादा कोणत्या तक्त्यातली, हे छापलेले असणे अत्यावश्यक आहे. ती एक ओळ नसेल, तर वाचकाला पुढच्या कोणत्याही गुणांकावर भरवसा ठेवायला आधार उरत नाही.

निकालावरून पुढचे समीकरण ठरते. −3.1 आला असेल, तर भावांच्या पातळीवरचे रिग्रेशन बाजूला ठेवून महिन्याच्या बदलांवर काम करावे. −4.5 आला असता, तर नाते मान्य करून त्रुटी-सुधार समीकरण मांडता आले असते. त्यात वाशीच्या भावातल्या बदलाच्या समीकरणात गेल्या महिन्याच्या फरकापुढे −0.4 असा गुणांक आला, तर त्याचा अर्थ असा की गेल्या महिन्यात वाशीचा भाव दीर्घकालीन नात्यापेक्षा वर गेलेला असेल, तर त्या अंतराचा साधारण 40 टक्के भाग वाशीचा भाव या महिन्यात भरून काढतो. व्यापाऱ्याला आणि धोरण आखणाऱ्याला उपयोगी असा हा आकडा आहे. आणि एक श्रेणी मुळातच स्थिर, दुसरी भटकणारी निघाली, तर या दोघींत कोइंटिग्रेशनचा प्रश्नच उद्भवत नाही.

या कसोट्यांच्याही मर्यादा आहेत. गुणांक 1 नसून 0.95 असेल, तर 120 महिन्यांच्या आकड्यांवरून तो फरक ओळखणे कठीण जाते. म्हणून ‘युनिट रूट नाकारता आले नाही’ आणि ‘युनिट रूट आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. शिवाय मधेच पातळी एकदम बदलली, तर स्थिर श्रेणीही कसोटीला भटकणारी वाटते, हे पियर पेरॉन यांनी 1989 साली दाखवले. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर घातलेली बंदी मे 2024 मध्ये उठली. ते महिने ज्या अभ्यासात आहेत, तिथे ही बंदी समीकरणात कशी धरली आणि ते महिने वगळल्यावर कसोटीचे आकडे किती बदलले, हे त्याच तक्त्याखाली छापावे लागते.