कॅमेऱ्याची वीज कोणत्या तारांतून येते?

सोसायटीच्या फाटकावरच्या आयपी कॅमेऱ्याला अनेकदा विजेची वेगळी वायर नसते. एकाच नेटवर्क केबलमधून चित्र खाली येतं आणि वीज वर जाते. या पद्धतीला ‘पॉवर ओव्हर इथरनेट’ किंवा पीओई म्हणतात. तिचं पहिलं प्रमाण 2003 साली ठरलं.

केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. शंभर मेगाबिटच्या जोडणीला त्यातल्या दोनच लागतात. नेहमीच्या रंगक्रमात त्या नारिंगी आणि हिरव्या, म्हणजे प्लगमधल्या 1-2 आणि 3-6 या पिना. निळी (4-5) आणि तपकिरी (7-8) रिकाम्या राहतात.

घोळ इथूनच सुरू होतो. दोन जोड्या मोकळ्याच आहेत म्हटल्यावर केबल वाचवण्यासाठी काही कारागीर त्यांवर दुसरा कॅमेरा चालवतात. पहिल्या कॅमेऱ्याच्या प्लगमध्ये मग चारच तारा उरतात. मधे इंजेक्टर लावला तर हा कॅमेरा उठतच नाही, कारण साधे इंजेक्टर बहुधा निळ्या-तपकिरी जोड्यांवरच वीज सोडतात. त्याच केबलला लॅपटॉप जोडला तर नेटवर्क व्यवस्थित चालतं, आणि दोष बिचाऱ्या कॅमेऱ्यावर येतो.

हीच केबल पीओई स्विचला लावली की कॅमेरा बहुतेक वेळा सुरू होतो. बरेच स्विच वीज डेटाच्याच जोड्यांवरून देतात. एका जोडीच्या दोन्ही तारांवर सारखंच व्होल्टेज चढवलं जातं. डेटा वाचला जातो तो दोन तारांमधल्या फरकावरून, म्हणून विजेचा त्याला अडथळा होत नाही. प्रमाणित उपकरणाला दोन्ही रीतींनी आलेली वीज घेता यावीच लागते.

इंजेक्टरचं टोक मल्टिमीटरने तपासून तो बिघडल्याचा निष्कर्ष काढणंही चुकीचं. प्रमाणित इंजेक्टर आधी कमी व्होल्टेजने चाचपणी करतो. समोर सुमारे 25 किलोओहमचा रोध दिसला तरच पूर्ण व्होल्टेज सोडतो. मल्टिमीटरचा रोध त्याहून कितीतरी जास्त, त्यामुळे त्यावर पूर्ण व्होल्टेज दिसतच नाही. त्यापेक्षा पारदर्शक प्लग उजेडात धरावा आणि आठही रंग दिसतात का ते पाहावं. बाजारातले 24 व्होल्टचे स्वस्त ‘पॅसिव्ह’ इंजेक्टर मात्र काहीच न विचारता वीज सोडतात, म्हणून ते भलत्या उपकरणाला लावू नयेत.

अंतराचाही हिशेब आहे. 2003 च्या प्रमाणात स्विच किमान 44 व्होल्ट देतो, प्रवाह 0.35 अँपिअर, म्हणजे 15.4 वॉट. शंभर मीटर केबलचा जाता-येता रोध 20 ओहम धरला तर वाटेत 7 व्होल्ट गळतात आणि टोकाला 12.95 वॉट पोचतात. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबलमध्ये गळती वाढते. अशा केबलवरचा कॅमेरा दिवसभर नीट चालतो आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतो.

वायफायच्या ॲक्सेस पॉइंटला चार तारांची काटकसर मुळीच चालत नाही. गिगाबिट वेगासाठी चारही जोड्या डेटा वाहतात. शिवाय नव्या मोठ्या ॲक्सेस पॉइंटना 12.95 वॉट पुरत नाहीत, तेव्हा काही मॉडेल एखादा रेडिओ बंद ठेवतात. 2009 च्या प्रमाणाने टोकाला 25.5 वॉट मिळू लागले. 2018 च्या प्रमाणाने चारही जोड्यांवरून वीज सोडायला मुभा दिली आणि हा आकडा 71.3 वॉटपर्यंत नेला.