हिंदमाताचं पाणी आणि दहा वेळा उडवलेलं नाणं

मागच्या व्याख्यानानंतर दोघा-तिघांनी एकच प्रश्न विचारला. लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये कॉम्प्युटर ते आकडे आणतो कुठून? साध्या रेषेच्या गणितात ‘चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी’ हे निदान डोळ्यांना दिसतं, इथे तसं काहीच दिसत नाही. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर एका नाण्यात आहे, म्हणून आज आपण नाण्यापासूनच सुरुवात करू.

समजा शिवाजी पार्कवर टॉससाठी वापरतात तसं एक नाणं आपल्या हातात आहे. ते खरं आहे की खोटं, ठाऊक नाही. दहा वेळा उडवलं, सात वेळा छापा आला, तीन वेळा काटा. छापा येण्याची या नाण्याची संभाव्यता किती? कुणीही म्हणेल, ०.७. बरोबर आहे. पण का? इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळी गंमत या ‘का’मध्ये आहे.

छाप्याची संभाव्यता p मानू. मग आपल्याला ज्या क्रमाने छापे-काटे मिळाले, नेमका तोच क्रम मिळण्याची संभाव्यता p⁷(1−p)³ होते. सात छाप्यांचे सात p, तीन काट्यांचे तीन (1−p), आणि एका फेकीचा दुसरीशी संबंध नाही म्हणून सरळ गुणाकार. आता p ला वेगवेगळ्या किमती देऊन पाहू. नाणं अगदी खरं असेल, म्हणजे p = ०.५, तर हा क्रम एक लाखात साधारण ९८ वेळा दिसेल. p = ०.६ असेल तर १७९ वेळा, ०.७ असेल तर २२२ वेळा. पुढे उतार लागतो: ०.८ ला १६८ आणि ०.९ ला ४८. म्हणजे जे घडलं ते घडवून आणायला सगळ्यांत जास्त लायक किंमत ०.७ आहे. तिची निवड करणं, यालाच मॅक्झिमम लाइकलीहूड म्हणतात. रोनाल्ड फिशरने १९१२ साली, केंब्रिजमध्ये विद्यार्थी असताना, ही कल्पना मांडली आणि १९२२च्या निबंधात तिला हे नाव रूढ करून दिलं.

आमचा विषय तत्त्वज्ञान, त्यामुळे इथे एक तक्रार नोंदवल्याशिवाय आम्हांला पुढे जाववत नाही. ‘p ही ०.७ असण्याची संभाव्यता सर्वांत जास्त आहे’ असं आपण म्हटलेलं नाही. तसं म्हणताच येत नाही. वरचे आकडे वेगवेगळ्या p खाली एकाच घटनेचे आहेत. त्यांची बेरीज एक होत नाही, व्हायचं कारणही नाही. डोंगरावर धूर दिसला की अग्नीचं अनुमान करायचं हे न्यायशास्त्रातलं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. लाइकलीहूडचा प्रश्न उलट्या दिशेने येतो: अग्नी असता तर असा धूर दिसणं कितपत साहजिक होतं, आणि नुसतं धुकं असतं तर कितपत? उत्तरांची तुलना करता येते. पण अग्नी असण्याची संभाव्यता हवी असेल तर धूर दिसण्याआधी आपण काय मानत होतो, तेही हिशेबात घ्यावं लागतं.

गणिताची एकच पायरी सांगतो. गुणाकार हाताळायला अवघड, म्हणून त्याचा लॉगॅरिदम घेतात. गुणाकाराची बेरीज होते आणि शिखर आहे तिथेच राहतं. शिखरावर चढ शून्य असतो. त्या अटीतून 7/p = 3/(1−p) हे समीकरण निघतं आणि त्यातून p = 7/10. दुसऱ्या शब्दांत, दहा फेकींत मॉडेल जितके छापे अपेक्षितं, तितकेच प्रत्यक्षात आलेले असतात. हे वाक्य लक्षात ठेवा, थोड्या वेळाने ते परत येणार आहे.

आता आपण परळच्या दिशेने जाऊ. हिंदमाताला पावसात पाणी भरतं हे इथे कुणाला सांगायला नको. तो भाग बशीसारखा खोलगट आहे. शहरातल्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या, तेही ओहोटी असेल तर. मग २४ मिलिमीटरला कोरडं आणि २६ला गुडघाभर पाणी, असं होतं का? नाही. भरती आहे की ओहोटी, गटाराच्या तोंडाशी कचरा किती, आधीच्या तासाला किती कोसळला, या सगळ्यावर ते अवलंबून. म्हणजे प्रत्येक तासाला हिंदमाताला एक नाणं उडतं. छापा पडला तर पाणी भरलं, काटा पडला तर नाही. फरक इतकाच की नाणं दर तासाला वेगळं आहे. पाऊस जितका जास्त, तितकं ते छाप्याकडे झुकलेलं.

आणि इथेच नाण्याची युक्ती अडते. प्रत्येक नाणं एकदाच उडालंय. एका फेकीवरून त्याची p काय ठरवणार? म्हणून सगळ्या नाण्यांना एका सूत्रात ओवावं लागतं. p साठी सरळ रेषा घेतली तर ती मुसळधार पावसात एकच्या वर जाईल, रिमझिमीत शून्याच्या खाली. त्याऐवजी आपण ऑड्स घेऊ, म्हणजे पाणी भरण्याची संभाव्यता भागिले न भरण्याची. समसमान असेल तर ऑड्स १, चारास एक असेल तर ४. ऑड्सचा लॉगॅरिदम पावसाबरोबर सरळ रेषेत वाढतो असं मानलं की झालं लॉजिस्टिक रिग्रेशन:

log(p/(1−p)) = a + b·x

याचा रोजच्या भाषेत अर्थ असा, की पावसात ठरावीक भर पडली की ऑड्स ठरावीक पटीने वाढतात.

सहा तासांचं उदाहरण घेऊ. आकडे आम्ही फळ्यासाठी रचलेले आहेत, कुठल्या नोंदवहीतले नाहीत. ताशी १० मिलिमीटरला पाणी भरलं नाही, २०ला नाही, २५ला भरलं, ३५ला नाही, ४०ला भरलं, ५०ला भरलं. (३५ला का नाही? ओहोटी असेल.) आता एक अंदाज लावू: ३० मिलिमीटरला समसमान, आणि दर ५ मिलिमीटरला ऑड्स दुप्पट. मग ३५ला ऑड्स २, ४०ला ४, ५०ला १६. खाली २५ला अर्धा, २०ला पाव, १०ला एक सोळांश. जे प्रत्यक्ष घडलं त्याची संभाव्यता काढू. १०ला कोरडं राहण्याची १६/१७, २०ला ४/५, २५ला भरण्याची फक्त १/३, ३५ला कोरडं राहण्याचीही १/३, ४०ला भरण्याची ४/५, ५०ला १६/१७. सहांचा गुणाकार सुमारे ०.०६३. हेच नाण्याचं p⁷(1−p)³, फक्त प्रत्येक घटकाची p निराळी.

दुसरे अंदाज टिकतात का पाहू. पावसाचा काहीच संबंध नाही, सगळी नाणी खरी, असं मानलं तर गुणाकार १/६४, म्हणजे ०.०१६. दर ५ मिलिमीटरला दीडपट धरली तर ०.०५३. तिप्पट धरली तर टोकाचे तास आणखी छान बसतात, पण २५ आणि ३५चे दोन हट्टी तास इतका दंड भरायला लावतात की गुणाकार ०.०४९वर येतो. कॉम्प्युटर हेच करतो, फक्त आंधळेपणाने चाचपडत नाही, चढ बघून पावलं टाकतो. त्याचं उत्तर १.९६५ पटीच्या आसपास येतं. आपली दुप्पट वाईट नव्हती!

शिखर आलं हे ओळखायचं कसं? ते मघाचं वाक्य आठवा. आपल्या सहा संभाव्यतांची बेरीज केली तर नेमकी ३ येते, आणि पाणीही तीनच वेळा भरलं. नाण्याचाच नियम. पण आता ठरवायच्या गोष्टी दोन आहेत, म्हणून अटही दुसरी लागते: प्रत्येक तासाचा पाऊस गुणिले त्याची संभाव्यता, यांची बेरीज पाणी भरलेल्या तासांच्या पावसाच्या बेरजेइतकी हवी. भरलेले तास २५, ४० आणि ५०, बेरीज ११५. आपल्या दुपटीच्या अंदाजातून येते साधारण ११५.३. जरा जास्त, म्हणजे वक्र जरा जास्त उभा, म्हणून पट दोनच्या किंचित खाली. घरी कागदावर करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

लॉजिस्टिकच्या लाइकलीहूडला एकाहून जास्त शिखरं नसतात, त्यामुळे चढत राहिलं की चुकीच्या टेकडीवर पोचण्याची भीती नाही. सगळ्याच मॉडेलांचं असं नसतं. लाइकलीहूडच्या समीकरणाला अनेक उत्तरं निघाली तर सत्याकडे नेणारं कोणतं, या प्रश्नावरचा पायाभूत निबंध १९४८ सालचा आहे, आणि तो कोल्हापूरला जन्मलेल्या वसंत शंकर हुजूरबाजारांचा. माहिती वाढत जाते तसं सत्याकडे जाणारं उत्तर एकच असतं आणि तिथे शिखरच असतं, हे त्यांनी काही अटींखाली दाखवलं. पुढे पुणे विद्यापीठातला संख्याशास्त्र विभाग त्यांनी उभा केला. फिशरचं नाव घेणाऱ्यांनी हेही घ्यावं, इतकंच.

आता बिघाडाकडे येऊ. नाणं तीनदाच उडवलं आणि तिन्ही वेळा छापा आला, तर ही पद्धत सांगेल p = १; काटा येणं अशक्य! आपल्या सहा तासांतले ते दोन हट्टी तास उलटे असते, २५ला कोरडं आणि ३५ला पाणी, तर हेच झालं असतं. मग ३०च्या खाली सगळं कोरडं, वर सगळं ओलं. वक्र जितका उभा कराल तितका गुणाकार वाढेल आणि १कडे सरकत राहील. शिखर नाहीच, नुसता अनंत चढ. कॉम्प्युटर मग कुठेतरी दमून थांबतो आणि अवाढव्य b छापतो. त्याच्या शेजारची प्रमाण त्रुटी त्याहूनही अवाढव्य असते. ते दिसलं की ‘केवढा जोरदार संबंध!’ म्हणून खूश व्हायचं नाही. आकडे इतके नीटनेटके विभागले गेलेत की पट किती हे सांगायला त्यांच्यात काही उरलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. विद्यार्थ्यांना हे पटवणं अवघड जातं: जे तास अंदाजाविरुद्ध गेले, त्यांच्यामुळेच उत्तर मिळालं. असे तास नसतील तर आणखी माहिती गोळा करावी, किंवा b फार मोठा नसावा असं आधीच थोडं वजन घालावं. फर्थ यांनी १९९३ साली सुचवलेली दुरुस्ती या कामी बरीच वापरली जाते.

दुसरा बिघाड जास्त लबाड आहे, कारण कॉम्प्युटर तो दाखवत नाही. आपण गुणाकार केला तो एका तासाचा दुसऱ्याशी संबंध नाही असं धरून. पण एकाच दुपारचे सलग चार तास पाऊस कोसळत असेल, तर दुपारी दोनला साचलेलं पाणी तीन वाजताही तिथेच असतं. ती चार नाणी एकमेकांना चिकटलेली आहेत. मोजताना चार, माहिती जेमतेम एकाची. गुणाकार त्यांना स्वतंत्र समजतो आणि उत्तर आहे त्यापेक्षा जास्त ठाम वाटतं. पावसाची नोंद कुठली घेतली तेही पाहावं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, कुलाब्याला फक्त ७३. हिंदमाता दोन्हींच्या मध्ये आहे. त्या दिवसाच्या नाण्यासमोर x म्हणून यांतला कुठला आकडा लिहायचा, हे लाइकलीहूड सांगत नाही. ते आपल्यालाच ठरवावं लागतं. पंपिंग स्टेशन आणि जमिनीखालच्या टाक्या झाल्यानंतरचे तास आधीच्या तासांबरोबर एकाच यादीत टाकायचे की नाहीत, हेही तसंच. पुढच्या वेळी भरतीची उंची दुसरा x म्हणून घेऊ आणि b चा अर्थ कसा बदलतो ते पाहू.