बँकेचा सॉल्व्हन्सी दाखला: सही-शिक्क्यापलीकडे

निविदा भरणारे बहुतेक ठेकेदार बँकेने दिलेला सॉल्व्हन्सी दाखला न वाचताच अपलोड करतात. सही आहे, शिक्का आहे, एवढ्यावर त्यांचं समाधान होतं. मात्र छाननीला बसलेला माणूस तो ओळ न ओळ वाचतो.

समजा, रस्त्याचं काम 2 कोटींचं आहे. निविदेत अट अशी, की अंदाजपत्रकाच्या 40 टक्के रकमेचा, म्हणजे 80 लाखांचा दाखला हवा आणि तो निविदा भरण्याच्या शेवटच्या तारखेला सहा महिन्यांहून जुना नसावा. ठेकेदाराकडचा दाखला 10 जानेवारीचा आहे आणि शेवटची तारीख आहे 5 जुलै. इथपर्यंत ठीक. मग शुद्धिपत्रक निघतं आणि मुदत 15 जुलैपर्यंत वाढते. आता सहा महिने मूळ तारखेपासून मोजायचे की वाढीव? निविदेत किंवा शुद्धिपत्रकात ते स्पष्ट नसेल, तर निविदापूर्व बैठकीत किंवा लेखी विचारून घ्यावं. त्याहून बरं म्हणजे नवा दाखलाच काढावा.

रक्कम आकड्यात आणि अक्षरात जुळते का, हे बघायला मिनिटभर पुरतं. खरा घोळ होतो मजकुरात. ‘अमुक तारखेला खात्यात इतके रुपये शिल्लक होते’ असं लिहिलेला कागद म्हणजे शिल्लक-दाखला, त्यावर सॉल्व्हन्सीचं काम भागत नाही. सॉल्व्हन्सीच्या दाखल्यात सदर ग्राहक इतक्या रकमेपर्यंतच्या व्यवहाराला सक्षम समजता येईल, अशा अर्थाचं वाक्य लागतं. त्याखाली ‘बँकेची वा अधिकाऱ्यांची कोणतीही हमी वा जबाबदारी नाही’ असं असतं. ते वाचून काही जण घाबरतात आणि काढून टाका म्हणून मॅनेजरच्या मागे लागतात. उगाच. केंद्रीय बांधकाम खात्याच्या नमुन्यातही ते वाक्य आहे. तो दाखला म्हणजे बँक गॅरंटी नव्हे.

नाव आणि हेतूही तपासावा. निविदा भागीदारी फर्मच्या नावाने आणि दाखला एका भागीदाराच्या नावाने, असं झालं की अडतं. त्या नमुन्यात तर बँकेत नोंदलेल्या सर्व भागीदारांची नावं मागितलेली आहेत. ‘ठेकेदार नोंदणीसाठी’ म्हणून दिलेला दाखला या निविदेला चालेलच असं धरू नये.

नेटवर्थचा दाखला वेगळा. तो साधारणपणे सीए देतो, बँक नव्हे. त्यावर 18 आकडी-अक्षरी यूडीआयएन असतो आणि तो सीए संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो.

चूक सापडली तर पेनाने खाडाखोड करू नये, बँकेकडून नवा कागद घ्यावा. अर्जासोबतच निविदेतला नमुना जोडून दिला, तर शाखेला आपला ठरीव मजकूर छापून देण्याचं कारण उरत नाही.