खुब्याच्या बाजूची कळ: दरवेळी सांधा झिजलेला नसतो

सेमाडोहच्या आमच्या खाला ५३ वर्षांच्या. चार महिने डाव्या कुशीवर झोपताच त्यांना खुब्याच्या बाहेरून कळ यायची. चढ चढताना ती मांडीच्या बाजूने खाली उतरायची. ‘सांधा झिजला, आता ऑपरेशनच,’ असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. शेवटी आम्ही त्यांना परतवाड्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी आधी विचारलं, ‘नेमकं कुठं दुखतं, बोट ठेवा.’ खालांनी खुब्याच्या बाजूच्या उंच हाडावर बोट ठेवलं. तिथं दाबताच त्या कळवळल्या. दुखऱ्या पायावर अर्धा मिनिट उभं राहिल्यावर तीच कळ आली. मात्र पाय आत-बाहेर फिरवताना अडला नाही, पायमोजे घालतानाही त्रास नव्हता. सांध्याच्या आजारात दुखणं बहुधा जांघेत असतं आणि पाय आत वळवताना अडतो. एक्स-रेमध्येही खालांचा सांधा ठीक निघाला.

डॉक्टरांनी सांगितलं, कुल्ल्याचे स्नायू ज्या दोरीसारख्या कंडरेने त्या हाडाला जोडलेले असतात, ती कंडरा दुखावली आहे. हा त्रास चाळिशी-पन्नाशीनंतरच्या बायकांत जास्त दिसतो. मांडी शरीराच्या मध्याकडे वळली की कंडरा हाडावर दाबली जाते. पायावर पाय टाकून बसणं, एका पायावर भार देऊन उभं राहणं, कुशीवर झोपताना वरचा पाय पुढे पडणं, यात हेच होतं. नमाजमध्ये दोन्ही पाय उजवीकडे काढून बसतानाही खुब्यावर ताण येतो. खालांनी काही आठवडे खुर्चीवर नमाज पढली. आजारपणात तशी सवलत आहेच. झोपताना त्या दुसऱ्या कुशीवर वळून गुडघ्यांमध्ये जाड उशी ठेवू लागल्या.

दुसरा इलाज व्यायामाचा. उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर हळूच उचलायची. मग हळूहळू पायावर भार वाढवायचा. थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या सकाळी दुखणं वाढलं तर व्यायाम कमी करायचा. कुल्ल्याची ओढाताण करून ताण देणं मात्र टाळायचं, कारण त्यानेही कंडरा दाबली जाते.

इंजेक्शनचं काय? ऑस्ट्रेलियात २०४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांनी बरं वाटल्याचं सांगणारे व्यायाम व समजावणीच्या गटात सुमारे ७७ टक्के, स्टेरॉइड इंजेक्शनच्या गटात ५८ आणि नुसती वाट पाहणाऱ्यांत २९ टक्के होते. म्हणजे इंजेक्शनने आराम पडतो, पण पहिला इलाज व्यायामच. कंडरा फाटली असेल आणि व्यायामाने फरक पडत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

पडल्यावर पायावर उभं राहता येत नसेल किंवा दुखण्यासोबत ताप असेल, तर थांबू नये. आपल्या विदर्भात सिकलसेल आढळतो. त्या रुग्णाची जांघ दुखत असेल तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. त्याची लगेच तपासणी हवी.

तीन महिन्यांनी खाला पुन्हा डाव्या कुशीवर झोपू लागल्या. उशी मात्र त्यांनी अजून सोडलेली नाही.