दोन लॅच, एक कडा

डी फ्लिप-फ्लॉप हा एका बिटाची स्मृती सांभाळणारा परिपथ क्लॉकच्या चढत्या कडेला, म्हणजे क्लॉक शून्याकडून एककडे जातो त्या क्षणी, डी या निविष्टीवरील मूल्य उचलतो आणि पुढची चढती कडा येईपर्यंत ते क्यू या निर्गमावर धरून ठेवतो, असे पाठ्यपुस्तकांत सांगितलेले असते. हे विधान बरोबर असले, तरी सीमॉस घडणीच्या फ्लिप-फ्लॉपमध्ये, उदाहरणार्थ ४०१३ या १४ पायांच्या चिपमध्ये, कडा ओळखणारा असा कोणताही स्वतंत्र भाग नसतो. तिथे असतात ते केवळ पातळीला प्रतिसाद देणारे दोन लॅच, आणि त्यांच्या जोडणीतूनच कडेचा गुण निर्माण होतो.

एकटा लॅच या कामाला का पुरत नाही, हे क्लॉकची वारंवारता निम्मी करणाऱ्या परिपथावरून स्पष्ट होते. या परिपथात निर्गमाचे उलट मूल्य पुन्हा डी वर आणून जोडलेले असते, आणि क्लॉकच्या प्रत्येक आवर्तनात निर्गम एकदाच पालटावा अशी अपेक्षा असते. लॅच मात्र क्लॉक वर असेपर्यंत पारदर्शक असतो, म्हणजे डी वर जे येईल ते लगेच निर्गमावर जाऊ देतो. क्लॉक १ मेगाहर्ट्झचा धरला, तर तो प्रत्येक आवर्तनात ५०० नॅनोसेकंद वर राहतो. संकेताला लॅचमधून फिरून परत डी वर यायला १०० नॅनोसेकंद लागतात असे मानले, तर तेवढ्या अवधीत निर्गम सुमारे पाच वेळा पालटतो, आणि क्लॉक खाली येताना तो कोणत्या मूल्यावर थांबेल हे तापमान आणि पुरवठ्याच्या व्होल्टेजनुसार बदलत राहते. अशा परिपथाकडून मोजणीचे काम घेता येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे एकामागे एक ठेवलेले आणि एकाच क्लॉकवर उलटसुलट चालणारे दोन लॅच, ज्यांतला पहिला मास्टर आणि दुसरा स्लेव्ह म्हणून ओळखला जातो. प्रत्येक लॅचमध्ये दोन इन्व्हर्टर आणि दोन ट्रान्समिशन गेट असतात; ट्रान्समिशन गेट म्हणजे क्लॉकच्या हुकमाने मिटणारा किंवा उघडणारा विद्युत स्विच. त्यांतला एक गेट नवे मूल्य आत घेतो, तर दुसरा इन्व्हर्टरांचे वर्तुळ पुरे करून घेतलेले मूल्य टिकवतो. क्लॉक खाली असताना मास्टरचा प्रवेशगेट वाहत असल्याने डी वरील प्रत्येक बदल मास्टरच्या अंतर्भागात उमटत राहतो, पण मास्टर आणि स्लेव्ह यांच्यामधला गेट तोडलेला असल्याने त्यातले काहीही क्यू पर्यंत पोहोचत नाही आणि स्लेव्ह जुनेच मूल्य दाखवत राहतो.

क्लॉक वर गेला की चारही गेटांच्या भूमिका एकदम पालटतात. मास्टरचा प्रवेश बंद होऊन त्या क्षणीचे मूल्य त्याच्या वर्तुळात अडकते आणि स्लेव्ह पारदर्शक होतो. मात्र त्याच्यासमोर आता गोठलेले मूल्य असल्याने निर्गम एकदाच बदलतो आणि स्थिरावतो. क्लॉक खाली उतरताना स्लेव्ह तेच मूल्य कोंडून घेतो आणि मास्टर नव्या मूल्यासाठी मोकळा होतो, म्हणून उतरत्या कडेचा निर्गमावर मागमूसही दिसत नाही. वर घेतलेल्या परिपथात लॅचच्या जागी हा फ्लिप-फ्लॉप बसवला, तर क्यू दर १००० नॅनोसेकंदांनी नेमका एकदा पालटतो आणि ५०० किलोहर्ट्झचा संकेत मिळतो. क्वार्ट्झच्या मनगटी घड्याळात ३२,७६८ हर्ट्झचे स्पंदन पंधरा वेळा निम्मे करून सेकंदाला एक ठोका काढतात तो याच तत्त्वावर.

चढती कडा हा असा दोन लॅचांमधला हस्तांतरणाचा क्षण आहे, आणि तो शून्य कालावधीचा नसल्यामुळेच फ्लिप-फ्लॉपच्या मर्यादा उत्पन्न होतात. मास्टरचा प्रवेश मिटण्यापूर्वी डी वरील मूल्य दोन्ही इन्व्हर्टरांतून फिरून वर्तुळाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचलेले असावे लागते. त्यासाठी कडेआधी डी जितका वेळ स्थिर हवा, त्याला सेटअप काल म्हणतात. तो पाळला गेला नाही, तर वर्तुळ मिटते तेव्हा त्याच्या दोन टोकांवर परस्परविरोधी मूल्ये असू शकतात, आणि मग मास्टर शून्य व एक यांच्या अधेमधे, अर्धस्थिर अवस्थेत, काही काळ रेंगाळून कोणत्या तरी एका बाजूला कलतो. कोणत्या बाजूला आणि किती वेळाने, हे आधी सांगता येत नाही.

संथ क्लॉकमुळे होणारा बिघाड याहून फसवा असतो. क्लॉकचे व्होल्टेज मधल्या पट्ट्यात रेंगाळले, की मास्टर आणि स्लेव्ह यांचे प्रवेशगेट काही काळ दोन्ही अर्धवट वाहतात, आणि डी पासून क्यू पर्यंतची वाट सलग मोकळी होऊ शकते. अनेक फ्लिप-फ्लॉप ओळीने जोडलेल्या शिफ्ट रजिस्टरमध्ये हा दोष चटकन ओळखू येतो, कारण एका कडेला एकच घर पुढे सरकायचा बिट दोन घरे ओलांडून जातो. ऑसिलोस्कोपवर अशा वेळी क्लॉकची कडा उभी न दिसता उताराची दिसते. रोधक आणि धारित्र वापरून पुशबटणाचा संकेत गुळगुळीत केला आणि तोच थेट क्लॉकच्या पायाला जोडला, की हा प्रकार हमखास घडू शकतो. मध्ये ४०१०६ सारखा श्मिट ट्रिगर इन्व्हर्टर बसवला म्हणजे कडा पुन्हा तीव्र होते, फक्त तो संकेत उलटवत असल्याने कोणत्या कडेला काम व्हायचे याचा विचार नव्याने करावा लागतो.